उभे, डावीकडून : पाच पालक

शाळेच्या ग्रुप फोटोखालचा मजकूर आठवून पाहा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, वर शाळेचं नाव आणि वर्ष, खाली बारीक टायपात 'बसलेले (डावीकडून उजवीकडे)', मग 'उभे, मधली रांग', मग 'उभे, मागील रांग'. आणि सगळ्यांत शेवटी, फोटोच्या दिवशी नेमका ताप आलेल्या बिचाऱ्यासाठी, 'अनुपस्थित'. या मजकुरात एकही विशेषण नसतं. कोण हुशार, कोण वांड, याबद्दल अवाक्षर नाही. फक्त कोण कुठे आहे आणि कोण नाही.

हा नमुना मला इतक्यात पुन्हा उपयोगी पडला तो भलत्याच कामासाठी. माझ्या एका मैत्रिणीच्या कॉलेजच्या कंपूत आता सगळेच आईबाप झाले आहेत. पाच जण आणि पाचांची मिळून सात मुलं. त्यांनी जुना आणि नवा असे दोन ग्रुप फोटो जोडून टाकायचे ठरवले आणि ओळ लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी काही वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक होते आणि तिथे दिवसाकाठी ढिगानं फोटोओळी लिहाव्या लागत. त्यांनी स्वतः लिहून पाहिलेल्या ओळीही पाठवल्या होत्या. 'तेव्हा आणि आता.' 'किती बदललो ना आपण!' 'काळ कसा भुर्रकन उडून गेला.' तिन्ही ओळी खऱ्या होत्या आणि तिन्ही कुठल्याही फोटोखाली चालल्या असत्या. चिडवणं म्हणून तर त्यांचा काहीच उपयोग नव्हता. चिडवायला नाव घ्यावं लागतं, निदान बोट तरी दाखवावं लागतं.

आधी फोटो सांगते. जुना 2009 च्या डिसेंबरातला, राजगडावरचा. गुंजवण्यातून संध्याकाळी चढायला सुरुवात करून, चोरदरवाज्यानं अंधारात वर येऊन, पद्मावती माचीवरच्या देवळात मुक्काम केलेला. सकाळी काढलेल्या या फोटोच्या कोपऱ्यात डिजिटल कॅमेऱ्यानं नारिंगी आकड्यांत तारीख उमटवली आहे. डावीकडे गिटारवाला, गिटार पोटाशी. त्याच्या शेजारी कायम सगळ्यांच्या पुढे चालणारी एक जण. मग लेटलतीफ, ज्याच्यामुळे त्यांची स्वारगेटची पहिली एसटी चुकली होती. मग दुसऱ्यांच्या डब्यांवर जगणारी एक. आणि उजवीकडे माझी मैत्रीण, थोडी धूसर, कारण दहा सेकंदांचा टायमर लावून ती पळत येऊन रांगेत घुसली होती.

नवा फोटो 2025 च्या जानेवारीतला, सिंहगडावरचा. सिंहगड म्हणजे आतकरवाडीतून चढत नव्हे, घाटरस्त्यानं, वरच्या वाहनतळापर्यंत गाड्या नेऊन. तेच पाच जण, त्याच क्रमानं उभे. हा क्रम त्यांनी मुद्दाम जुळवला होता आणि तेच सगळ्यांत शहाणपणाचं काम होतं. दोन फोटोंची तुलना करताना पाहणाऱ्याची नजर जागेवरून जागेवर उडी मारते. डावीकडचा पहिला माणूस दोन्हीकडे तोच असेल तर तो काय होता आणि काय झाला हे एका क्षणात कळतं. क्रम बदलला की वाचक आधी माणसं शोधत बसतो, आणि शोधून होईपर्यंत हसू गेलेलं असतं.

आता फोटोओळीचा धंद्यातला पहिला नियम. जे फोटोत दिसतं ते ओळीत पुन्हा सांगायचं नाही, आणि जे दिसत नाही पण खरं आहे ते सांगायचं. वर्तमानपत्रात हा नियम रोज मोडला जातो. 'दीपप्रज्वलन करताना मान्यवर' ही ओळ वाचून कुणाला नवीन काही कळल्याचं ऐकिवात नाही. पण 'करताना' हे वळण मराठी वाचकाच्या डोळ्यात इतकं रुतून बसलं आहे की त्याचा आव जरा खोटा केला तरी मौज येते. मी पहिली ओळ लिहिली ती अशी : 'निवांत असल्याचा अभिनय करताना पाच पालक.' मान्यवरांच्या जागी पालक आले आणि दीपप्रज्वलनाच्या जागी अभिनय. ओळीचा चेहरा मात्र गंभीरच राहिला. तो हसला की विनोद संपला. म्हणून अशा ओळीत उद्गारचिन्ह घालू नये आणि मागे हसऱ्या चेहऱ्यांची माळही लावू नये.

तरी ही ओळ मला पुरेशी वाटेना. ती चांगली होती, पण कुठल्याही पाच पालकांची होती. म्हणून नवा फोटो मोठा करून पाहत बसले. लहान मुलांच्या आईबापांचे ग्रुप फोटो नीट पाहिलेत तर एक गोष्ट हमखास सापडते. त्यांतले निम्मे जण कॅमेऱ्याकडे बघत नसतात. ओठ फोटोसाठी हसत असतात आणि डोळे चौकटीबाहेर कुठेतरी, एखाद्या घसरगुंडीकडे, पाण्याच्या टाकीकडे किंवा रस्त्याकडे लागलेले असतात. राजगडच्या फोटोत पाचही जोड्या डोळे थेट कॅमेऱ्यात आहेत. सिंहगडच्या फोटोत फक्त एक जोडी. बाकीच्या चार उजवीकडे, जिथे भज्यांची टपरी आहे आणि टपरीमागे, मला नंतर कळल्याप्रमाणे, चार मुलं पळाली होती.

शिवाय बारीकसारीक पुरावे होते. गिटारवाल्याच्या पोटाशी, नेमकी गिटार होती त्याच जागी, बाळाची झोळी आहे आणि त्यातून दोन पाय लोंबताहेत. पुढे चालणारीच्या हातात एकच छोटा बूट आहे. दुसरा कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. डब्यांवर जगणारीचा गाल फुगलेला आहे. लेटलतीफ तेवढा व्यवस्थित, इस्त्रीच्या शर्टात कॅमेऱ्याकडे बघतो आहे, कारण तो त्याच क्षणी पोहोचला होता आणि त्याची मुलगी अजून गाडीतच होती. माझी मैत्रीण अर्धी वळलेली, म्हणजे पुन्हा धूसर. आणि अगदी उजव्या कडेला, चौकटीत शिरलेलं एक लहानसं कोपर.

एवढा माल हाताशी असताना 'किती बदललो' कशाला लिहायचं? मी शाळेच्या फोटोचा नमुना घेतला आणि रांग भरायला लागले. भरताना एक गोष्ट पाळली. माणसाचा जुना गुण तसाच ठेवायचा आणि त्याला फक्त नवं कारण द्यायचं. माणूस पार बदलला असं दाखवलं तर ती थट्टा राहत नाही, तो शोकसंदेश होतो. मित्रांना हसू येतं ते माणूस तोच राहिला आणि परिस्थितीनं त्याची गंमत केली, हे पाहून. लेटलतीफ पालक झाल्यावर वक्तशीर झाला असता तर त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही उरलं नसतं. तो अजूनही उशिराच येतो, फक्त आता त्याचं कारण खरं असतं. पुढे चालणारी अजूनही चालतेच, पण सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाच्या मागे, आणि तो माणूस अडीच वर्षांचा आहे. त्यातून झालेला मसुदा असा :

'सिंहगड, वाहनतळ. उभे (डावीकडून) : माजी गिटारवादक, सध्या पोटाशी दुसरं वाद्य, तेही रात्रीच वाजतं. पूर्वी सर्वांच्या पुढे चालणारी, सध्या सर्वांत मागच्याच्या मागे. नेहमी उशिरा येणारा. आता कारण खरं असतं. दुसऱ्यांच्या डब्यातलं खाणारी. आता मुलाच्या डब्यातलं उरलेलं खाते. पूर्वी टायमर लावून फोटोत पळत येणारी, सध्या फोटोतून पळत जाणारी. अनुपस्थित : झोप. छाया : ज्याचं मूल त्या क्षणी झोपलं होतं तो.'

'छाया' ही शेवटची ओळ मला स्वतःला फार आवडली, कारण ती शब्दशः खरी होती. फोटो काढणारा हा पुढे चालणारीचा नवरा. सगळ्यांत त्याचेच हात मोकळे होते, कारण त्याचं धाकटं गाडीत झोपलं होतं. लहान मुलांच्या आईबापांत फोटो कोण काढतो हे हौशीवर ठरत नाही. ज्याचे हात रिकामे सापडतात त्याच्या हाती फोन दिला जातो.

'अनुपस्थित : झोप' मात्र मी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. पालकांच्या विनोदात झोप, लंगोट आणि दुधाची बाटली ही तीन ठिकाणं इतकी तुडवली गेली आहेत की तिथे आता गवत उगवत नाही. बाटलीवरून तर, 'तेव्हाची बाटली वेगळी, आताची वेगळी', प्रत्येक कंपूत कुणीतरी एकदा बोलतोच आणि बाकीचे हसल्यासारखं करतात. अशी ओळ सुचली की एक साधी परीक्षा घ्यावी. ती शेजारच्या कंपूच्या फोटोखाली ठेवून पाहावी. तिथेही बसली तर ती आपली नव्हे. 'झोप' तिथे बसते. मी तिच्या जागी लिहिलं, 'अनुपस्थित : लक्ष (ते भज्यांच्या टपरीमागे पळालं आहे)'. आता वाचणारा पुन्हा फोटोकडे जातो, डोळ्यांच्या चार जोड्या उजवीकडे वळलेल्या त्याला दिसतात, आणि तो दुसऱ्यांदा हसतो. ओळीनं वाचकाला फोटोत परत पाठवलं की ती लागू पडली असं समजावं. ओळ वाचून तो पुढे निघून गेला तर ती नुसती सजावट होती.

आता लांबीचा प्रश्न. पुठ्ठ्यावरच्या फोटोखाली जागा असते. फोनवर नसते. इन्स्टाग्रामवर 2200 अक्षरांपर्यंत मजकूर लिहिता येतो, पण फोटोखाली उघडा दिसतो तो साधारण पहिल्या सव्वाशे अक्षरांचा. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं आणि बोट लावण्याइतका उत्साह मित्रांखेरीज कुणाला नसतो. त्यात देवनागरीचं एक दुखणं आहे. यंत्र काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला पाय मोडणारा हलन्त, सगळं वेगवेगळं मोजतं. 'अनुपस्थित' हा शब्द आपल्या डोळ्याला पाच अक्षरांचा दिसतो, यंत्राच्या हिशेबी तो नऊचा भरतो. म्हणजे मराठी माणसाचे सव्वाशे हे पाहता पाहता संपणारे सव्वाशे आहेत.

यावर उपाय म्हणजे मजकूर कापत बसायचा नाही, पहिली ओळ एकटी उभी राहील अशी करायची. 'उभे, डावीकडून : पाच पालक. अनुपस्थित : लक्ष.' एवढंच वाचलं तरी विनोद पुरा होतो. पुढची यादी ज्यांना ती पाच माणसं ठाऊक आहेत त्यांच्यासाठी. ते बोट लावतातच, कारण प्रत्येकाला आपल्याबद्दल काय लिहिलंय ते पाहायचं असतं. आणि फोटोंचा क्रम लावताना नवा आधी, जुना मागे. उलट लावला तर आधी पाच तरुण मुलं दिसतात, मग पाच थकलेली माणसं, आणि त्यात जरा उदास व्हायला होतं. नवा आधी असला की वाचक यादी वाचून घेतो, बोटानं फोटो सरकवतो आणि झोळीच्या जागी गिटार सापडते. हा शेवटचा फटका फोटोला मारू द्यावा.

इथवर सगळं कारागिरीचं होतं. मसुदा कंपूच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्यावर खरी अडचण आली, आणि ती मला माहीत नव्हती म्हणूनच मसुदा आधी तिथे टाकायचा असतो. माझ्या मसुद्यावर चौघांनी हसून हसून लोळण घेतली. शिवाय कुणीतरी एक ओळ वर चढवली : 'अखेर शेवटची विकेटही पडली.' कंपूत सगळ्यांत शेवटी बाप झालेला गिटारवाला. त्यानं या ओळीवर नुसता अंगठा टाकला.

तो अंगठा वाचायला शिकलं पाहिजे. ज्या माणसाला थट्टा झोंबते तो मित्रांच्या घोळक्यात तसं म्हणत नाही. खोटं वाटून घेतलं असं व्हायला नको म्हणून तो काहीतरी छोटं, सभ्य उत्तर देतो किंवा गप्प राहतो. जो एरवी भांडून उलट चिडवतो त्यानं अंगठ्यावर भागवलं, की ती ओळ काढायची. कारण विचारायचं नाही. मैत्रिणीनं मला नंतर एवढंच सांगितलं की त्या नवरा-बायकोची मधली काही वर्षं दवाखान्यात गेली होती. उशिरा आईबाप होण्यामागे काय असतं हे बाहेरून कळत नाही. कुणी ठरवून थांबलेलं असतं, कुणाचे उपचार चालू असतात, कुणाचं हातचं गेलेलं असतं, कुणाचं मूल दत्तक घेण्याच्या रांगेत वर्षं निघून गेलेली असतात. म्हणून 'शेवटचा', 'अखेर', 'एकदाचा' हे शब्द पालकांच्या फोटोखाली कधीही घालू नयेत, कितीही जिवलग असले तरी.

शरीराचंही तसंच. पोट सुटलं, केस गेले, अंग भरलं, यावर लिहायचं असेल तर लिहिणाऱ्यानं स्वतःवर लिहावं. बाळंतपणानंतरच्या बाईच्या वजनावर विनोद करणाऱ्याला सगळे हसून उत्तर देतात आणि ती पुढच्या फोटोला येत नाही. 'आता बायकोची परवानगी काढून आलो' छापाची ओळ मी एका वेगळ्याच कारणानं टाळते. या फोटोत दोन पुरुष आहेत आणि तीन बाया. त्या तिघी कुणाची परवानगी काढून आल्या असतील? त्यांनी घरी स्वयंपाकाची सोय लावली, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवल्या, डबे भरले आणि तरी त्या वेळेवर पोहोचल्या. उशिरा आला तो लेटलतीफ. थट्टा त्याच्यावर यायला हवी होती आणि ती आलीच आहे.

म्हणजे मग चिडवायचं कशावरून? माझं उत्तर असं की माणसानं आपल्या हातानं ओढवून घेतलेल्या गोष्टींवरून. घाटरस्त्यानं गाडी नेणं, एका दिवसाच्या सहलीला चार पिशव्या आणणं, एकेकाळी पावसात भिजत मॅगी खाणाऱ्यानं मुलासाठी गरम पाण्याचा थर्मास गळ्यात अडकवून फिरणं. यांत कुणाची जखम नाही, फक्त जुन्या ऐटीचा पराभव आहे. राजगडावर 'पाठीवर पाच किलोच्या वर घेणारा ट्रेकरच नव्हे' असं सुनावणारी पुढे चालणारी आज नुसत्या बदलायच्या कपड्यांचीच दोन बोचकी घेऊन आली होती. हे तिला ऐकवलं तर ती स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसते.

मुलांबद्दल या ओळीत काही नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम. थट्टा मोठ्यांची आहे. मुलांची नावं, वयं, शाळेचे गणवेश, कुणी कुठे शी केली, हे सगळं बाहेर ठेवलं. पाच मित्र एकमेकांना वीस वर्षं चिडवत आले आहेत आणि उलट उत्तर देऊ शकतात. अडीच वर्षांचा माणूस देऊ शकत नाही, आणि तो पंधराचा होईल तेव्हा ती ओळ तिथेच असेल. जागेचं नाव लिहायला हरकत नाही, पण घरी परतल्यावर.

'विकेट' निघाली. गिटारवाल्याला मी वेगळं विचारलं की झोळीची ओळ ठेवू का. तो म्हणाला, ठेव, फक्त 'माजी' काढ, मी अजून वाजवतो. बायको त्याच्या मागून ओरडली की एकच बालगीत, तेही चुकीच्या सुरात. म्हणून ओळ बदलली : 'गिटारवादक, सध्या एकच गाणं, एकच श्रोता.' ही माझ्या मूळ ओळीपेक्षा चांगली आहे, आणि ती माझी नाही. बाहेरच्या माणसानं चौकट बांधून द्यावी, आतला मजकूर घरच्यांनीच भरावा.

आमच्याकडे ओळीसाठी आणखी दोन तयार साचे पडून आहेत, त्यांचाही विचार झाला. एक चौकातल्या फ्लेक्सचा. काळे गॉगल, हात जोडलेले, खाली 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार', आणि 'भावी नगरसेवक' च्या जागी 'भावी झोपाळू'. हा साचा मोठा आवाज करतो, वाढदिवसाला शोभतो, पण पाच जणांत तो एकालाच उचलतो. दुसरा लग्नपत्रिकेच्या तळाचा, जिथे घरातली चिल्लीपिल्ली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणतात. त्या आवाजात मुलांकडून लिहून घेता येतं : 'आमच्या आईबाबांना सहलीला न्यायचं हं. ते लवकर दमतात.' हा गोड आहे, थोडा जास्तच गोड, आणि पुन्हा मुलांच्या तोंडी मोठ्यांची वाक्यं. रांगेचा साचा मला बरा वाटतो तो त्यात प्रत्येकाला सारखीच जागा मिळते म्हणून. कुणावर दोन ओळी आणि कुणावर अर्धी असं झालं की अर्धी मिळालेला दुखावतो. चिडवलं गेल्याचं दुःख कमी असतं, वगळलं गेल्याचं जास्त.

मैत्रिणीनं दोन्ही फोटोंचे प्रिंटही काढले. त्यांच्या मागे मी तिला विनोदी मजकूर लिहू दिला नाही. तिथे पाचांची खरी नावं, डावीकडून, गडाचं नाव आणि महिना. बॉलपेननं दाबून लिहिलं तर अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात, म्हणून हलक्या हातानं. ती नावं लिहीत असताना उजव्या कडेच्या कोपराशी अडली. ते कुणाच्या मुलाचं यावर पाचही घरांत दोन दिवस वाद झाला. तिघांनी ते आपलं म्हणून सांगितलं, दोघांनी साफ नाकारलं. शेवटी तिथे वर्तमानपत्री भाषेत लिहिलं, 'नाव समजू शकले नाही'.